हळूहळू, घरोघर, दोन-दोन: पुनरुक्त शब्द जोडावेत की सोडावेत?

मराठीत एखादा शब्द लागोपाठ दोनदा येणं ही अगदी रोजची गोष्ट. आपण हळूहळू चालतो, घरोघर पत्रिका वाटतो, हसत हसत निरोप घेतो आणि मुलांच्या हातावर दोन-दोन चॉकलेटं ठेवतो. बोलताना यात काहीच अडचण नसते. लिहायला बसलं की मात्र हात थबकतो: हे दोन शब्द जोडायचे, मध्ये जागा सोडायची, की संयोगचिन्ह टाकायचं? आताच्या वाक्यात तिन्ही पद्धती आल्या आहेत आणि त्या त्या जागी तिन्ही बरोबर आहेत.

हा लेख मराठीत नव्याने लेखन, संपादन किंवा मुद्रितशोधन करू लागलेल्यांसाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांपैकी १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली आणि ते १८ झाले. पुनरुक्त शब्दांबद्दल या १८ नियमांत एक नियम आहे, पण तो ऱ्हस्व-दीर्घाचा आहे. त्याकडे पुढे येऊच. जोडायचं की सोडायचं, हे तो सांगत नाही. त्यामुळे शब्दांची घडण, अर्थ आणि छापील मराठीत रुळलेला प्रघात यांच्या आधारानेच निर्णय घ्यावा लागतो. यांपैकी घडण सर्वांत भरवशाची, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पहिली पायरी: पहिला तुकडा एकटा उभा राहतो का?

जोडीतला दुसरा शब्द हाताने झाका आणि उरलेला तुकडा वाचा. तो तसाच्या तसा वाक्यात वापरता येत नसेल, तर शब्द जोडूनच लिहायचा. इथे पर्याय नाही, संयोगचिन्हही नाही.

‘घरोघर’ घ्या. ‘घर’ झाकलं की उरतो ‘घरो’. ‘मी घरो गेलो’ असं कोणी म्हणत नाही. ‘घरो’ हा शब्दच नाही, तो फक्त या जोडीत जगतो. त्यामुळे ‘घरो घर’ चूक आणि ‘घरो-घर’ही चूक. गावोगाव, दारोदार, गल्लोगल्ली, पावलोपावली, वेळोवेळी, क्षणोक्षणी, पदोपदी, पाठोपाठ, मागोमाग, रातोरात, हातोहात या सगळ्यांना हेच लागू आहे. शाळेच्या व्याकरणात यांतले बरेच शब्द अव्ययीभाव समासाची उदाहरणं म्हणून येतात, आणि समास म्हटला की जोडून लिहिणं आलंच. दिवसेंदिवस, रात्रंदिवस, वर्षानुवर्षे, समोरासमोर, गरमागरम, एकाएकी हे शब्दही जोडूनच. त्यांच्या मधला सांधा ‘ओ’चा नाही, पण पहिला तुकडा तितकाच परावलंबी आहे.

याच पायरीवर एक गट येतो आणि नवख्या माणसाच्या सर्वाधिक चुका त्यातच होतात. या शब्दांत पहिल्या भागाचं शेपूट कापलेलं असतं. मोठे मोठे याचं मोठमोठे होतं, वेगळे वेगळे याचं वेगवेगळे. तसंच ठिकठिकाणी, निरनिराळे, नवनवीन, कोणकोणते. गंमत अशी की यांतले काही कापलेले तुकडे योगायोगाने दुसरा अर्थ असलेले पूर्ण शब्द आहेत, आणि तिथेच फसगत होते. ‘वेग वेगळ्या गाड्या’ असं लिहिलं की वाचणारा ‘वेग’पाशी थांबतो, त्याला गाडीचा वेग आठवतो आणि पुढे वाक्य जुळेना म्हणून तो मागे येतो. ‘ठिक ठिकाणी’ असं तोडलं की दुरुस्ती करणारा ‘ठिक’चं इमानेइतबारे ‘ठीक’ करतो आणि ‘ठीक ठिकाणी’ असं भलतंच काही छापून येतं. म्हणून तुकडा एकटा उभा राहतो का हे पाहताना तो त्याच अर्थाने उभा राहतो का, हेही पाहायचं.

‘कोणकोणते’ तोडलं तर वाक्याचा प्रश्नच बदलतो. ‘कोणकोणती पुस्तकं वाचणार?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे पुस्तकांची यादी. ‘कोण कोणतं पुस्तक वाचणार?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे माणसं आणि त्यांच्यापुढे एकेक पुस्तक. वर्गातल्या फळ्यावर दुसरा प्रश्न लिहायचा असताना शब्द जोडला, तर मुलं नुसती पुस्तकांची नावं लिहून मोकळी होतील.

आता विभक्तीचा प्रत्यय असलेल्या जोड्या. घराघरात, मनामनात, शब्दाशब्दाला, कणाकणाने, पावलापावलावर, खेड्याखेड्यातून. इथे पहिला भाग सामान्यरूपात आहे: घरा, मना, शब्दा. सामान्यरूप प्रत्ययाशिवाय उभं राहत नाही, त्यामुळे जोडायचं. काही शब्दांचं सामान्यरूप मूळ शब्दासारखंच दिसतं, तिथे शंका येते. ‘गल्लीगल्लीत’ यातला ‘गल्ली’ पूर्ण शब्द वाटतो. अशा वेळी प्रत्यय मोजावेत. प्रत्यय शेवटी एकदाच आला असेल, तर तो अख्ख्या जोडीला लागलेला आहे, म्हणजे जोडी एकसंध आहे: गल्लीगल्लीत, कडेकडेने. प्रत्यय दोन्हीकडे असेल, तर दोन पूर्ण शब्द आहेत आणि ते सुटे राहतात: ‘कडेने कडेने चाला’. एक प्रत्यय तर एक शब्द, दोन प्रत्यय तर दोन शब्द, हा हिशेब सहसा चुकत नाही.

‘घरच्या घरी’, ‘मनातल्या मनात’, ‘जागच्या जागी’, ‘आतल्या आत’ या जोड्याही याच हिशेबाने सुट्या लिहाव्यात. ‘घरच्या’ला स्वतःचा प्रत्यय आहे, ‘घरी’लाही आहे. ‘घरच्याघरी’ असं जोडलेलं लेखन छापील मजकुरात दिसतं, पण त्याने काही साधत नाही, उलट शब्द लांबतो. ‘पाणीच पाणी’, ‘माणसंच माणसं’ यांत तर मध्ये ‘च’ आहे, तेव्हा जोडण्याचा प्रश्नच नाही.

नादाचे शब्द आणि ‘बि’कारी जोड्या इथेच उरकून घेऊ, कारण त्यांत वाद फारसा नाही. खळखळ, किरकिर, धडधड, टपटप, रिमझिम जोडून लिहावेत. यांच्यापासून खळखळाट, किरकिऱ्या, धडधडणे असे पुढचे शब्द घडतात, म्हणजे भाषेने त्यांना कधीच एक शब्द मानलं आहे. चहाबिहा, दगडबिगड, शेजारीपाजारी, उरलासुरला यांत दुसरा तुकडा एकटा निरर्थक आहे, म्हणून जोडावेत. पहिला शब्द लांबलचक परभाषी असेल तर मात्र ‘कॉम्प्युटर-बिम्प्युटर’ असं संयोगचिन्ह डोळ्याला सोपं जातं.

दुसरी पायरी: दोन्ही शब्द पूर्ण असतील, तर अर्थ एक झाला आहे का?

खरी मेहनत इथे आहे. कधी, जवळ, वर, मधून हे सगळे स्वतंत्र शब्द. त्यांची जोडी झाली की कधी नवा अर्थ तयार होतो, तर कधी जुनाच अर्थ दुणावतो. नवा अर्थ असेल तर जोडा, जुनाच दुणावला असेल तर सोडा.

‘जवळजवळ शंभर माणसं आली’ यात कोणीही कोणाच्या जवळ नाही. ‘जवळजवळ’ म्हणजे सुमारे. हा नवा अर्थ, म्हणून जोडला. ‘मुलांनो, जवळ जवळ बसा’ यात मुलांनी खरोखर एकमेकांच्या जवळ यायचं आहे, म्हणून सुटा. ‘वरवर पाहता हिशेब बरोबर वाटतो’ म्हणजे उथळपणे पाहता, आणि ‘पतंग वर वर गेला’ म्हणजे उंच, आणखी उंच. ‘कधीकधी तो उशिरा येतो’ म्हणजे अधूनमधून, आणि ‘तू कधी कधी आला होतास, तारखा सांग’ म्हणजे कोणकोणत्या वेळी.

यासाठी दोन चाचण्या पुरतात. पहिली बदलीची: जोडीच्या जागी एकच वेगळा शब्द घालून पाहा. ‘सुमारे शंभर माणसं’ चालतं, ‘सुमारे बसा’ चालत नाही. दुसरी ‘आणखी’ची: मध्ये ‘आणखी’ घाला. ‘पतंग वर, आणखी वर गेला’ हे बरोबर मराठी वाक्य आहे, ‘वर, आणखी वर पाहता हिशेब बरोबर वाटतो’ याला अर्थ नाही. प्रश्नार्थक शब्दांसाठी ‘आणखी’ऐवजी ‘आणि’ घालावं: ‘कधी आणि कधी आला होतास’ समजतं. एका चाचणीने निकाल लागला नाही तर दुसरी लावावी. बहुतेक वेळा दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवतात.

विचारताना येणारे ‘काय काय’, ‘कोण कोण’, ‘कुठे कुठे’ हे शब्द म्हणूनच सुटे ठेवलेले बरे. ‘बाजारातून काय काय आणलंस?’ यात एकेक वस्तू वेगळी विचारली आहे.

‘हळूहळू’ या चाचण्यांत थोडं अडखळतं. ‘गाडी हळू, आणखी हळू झाली’ असंही म्हणता येतं, म्हणजे सुटं ठेवायला हवं असं वाटेल. पण ‘हळूहळू’ बहुतेक वेळा वेगाबद्दल नसतंच. ‘हळूहळू त्याला मराठी येऊ लागलं’ यात संथपणा नाही, क्रम आहे. ‘क्रमाक्रमाने’ घालून पाहा, वाक्य जसंच्या तसं उभं राहतं. प्रघातही जोडूनच लिहिण्याचा आहे आणि महामंडळाच्या नियमातही तो शब्द जोडूनच छापलेला आहे. तेव्हा ‘हळूहळू’ नेहमी जोडावा. अधूनमधून, मधूनमधून हेही तसेच.

काही शब्द सीमेवर राहतात. ‘पुन्हा पुन्हा’ आणि ‘परत परत’ यांत अर्थ नुसता दुणावतो, म्हणून ते सुटे लिहावेत असं आमचं मत आहे. पण ‘पुन्हापुन्हा’ लिहिणारे चांगले लेखक आहेत आणि त्यांना चूक म्हणता येणार नाही. ‘थोडं थोडं’, ‘उघड उघड’ यांचंही तेच. अशा शब्दांसाठी एका कागदावर यादी करून ठेवावी आणि एका पुस्तकात, एका अंकात एकच रूप वापरावं. वाचकाला खटकतं ते एका पानावर ‘पुन्हा पुन्हा’ आणि पुढच्या पानावर ‘पुन्हापुन्हा’.

क्रियापदांच्या जोड्या सुट्याच

हसत हसत, बोलता बोलता, चालता चालता, खाऊन खाऊन, रडून रडून. इथे अर्थाची चाचणी लावायच्या फंदात पडू नये, कारण ही जोडी मराठीतल्या जवळजवळ कोणत्याही धातूची करता येते. ‘समजावता समजावता’, ‘उलगडत उलगडत’ हे शब्द जोडून लिहून पाहिले की अडचण लगेच दिसते: ‘समजावतासमजावता’ वाचताना डोळा अडतो. छोट्या धातूंचे जोडायचे आणि मोठ्यांचे सोडायचे असं केलं, तर सीमारेषा कुठे आखायची? म्हणून सरसकट सुटे.

‘बघता बघता’ हा यातला अवघड शब्द. ‘बघता बघता पुराचं पाणी उंबऱ्याला लागलं’ यात पाहण्याची क्रिया उरलेली नाही, अर्थ ‘अगदी थोड्या वेळात’ असा आहे. दुसऱ्या पायरीप्रमाणे तो जोडायला हवा, आणि ‘बघताबघता’ लिहिणाऱ्यांचा युक्तिवाद हाच असतो. तरी आम्ही तो सुटाच ठेवतो. एका शब्दासाठी अख्ख्या गटाची शिस्त मोडली, की ‘बोलता बोलता’, ‘जाता जाता’ यांच्याबद्दलही तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

पूर्ण विशेषणंही याच वाटेने जातात: लाल लाल गाल, लांब लांब केस, लहान लहान मुलं. शेपूट कापलं की मात्र जोडायचं, हे वर आलंच आहे. ‘मोठी मोठी घरं’ सुटं आणि ‘मोठमोठी घरं’ जोडून. ‘मोठ मोठी’ कधीच नाही.

संयोगचिन्ह कुठे?

सगळीकडे संयोगचिन्ह टाकून प्रश्न मिटवणारे पुष्कळ असतात. हळू-हळू, घरो-घरी, हसत-हसत. घडणीने किंवा प्रघाताने एक झालेल्या शब्दांत ते चुकीचं आहे आणि सुट्या शब्दांत बहुधा अनावश्यक. त्याची खरी जागा आहे ती वाटणीच्या जोड्यांत, म्हणजे ‘प्रत्येकी’ किंवा ‘प्रत्येक वेळी’ असा अर्थ असलेल्या संख्या आणि मापं यांत: दोन-दोन पेढे, दहा-दहा रुपयांच्या नोटा, चमचा-चमचा तेल, पै-पै जमवलेला पैसा. इथे दोन्ही शब्द पूर्ण आहेत, अर्थ एकच नवा झालेला नाही, पण जोडीनेच काम करतात. सुटं ‘दोन दोन पेढे’ लिहिलं तरी बिघडत नाही, मात्र टंकताना चुकून दोनदा पडलेला शब्द आणि मुद्दाम लिहिलेला शब्द यांतला फरक संयोगचिन्हाने तत्काळ कळतो, आणि संख्येच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा. ‘एक-एक’ याचं ‘एकेक’ असं सांधलेलं रूप आहे, ते जोडून लिहावं.

संख्या वेगळ्या असल्या की संयोगचिन्हाचा अर्थ बदलतो. ‘दोन-तीन गोळ्या’ म्हणजे अंदाजे दोन किंवा तीन, ‘दोन-दोन गोळ्या’ म्हणजे प्रत्येक वेळी दोन. अक्षरांत लिहिलं तर वाचक हे सहज ओळखतो. अंकांत लिहिलं की घोटाळा होतो. औषधाच्या चिठ्ठीवर ‘१-०-१’ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे घरातल्या सगळ्यांना पाठ असतं. त्याच घरात ‘१-१ गोळी द्या’ असं लिहून ठेवलं, तर वाचणारा ते वेळांचं कोष्टक समजेल आणि तिसरा अंक शोधत बसेल. म्हणून वाटणीची संख्या अंकांत लिहू नये. ‘एकेक गोळी सकाळी आणि रात्री’ किंवा ‘दोघांना प्रत्येकी १ गोळी’ असं लिहावं.

संयोगचिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडू नये. ‘दोन - दोन’ हे वजाबाकीसारखं दिसतं आणि ओळीच्या शेवटी आलं तर चिन्ह एकटंच पुढच्या ओळीत जाऊन बसतं.

जिथे स्वल्पविराम हवा

काही वेळा शब्द दोनदा येतो, पण ती जोडी नसते. माणूस तीच गोष्ट घाईने किंवा काकुळतीने दोनदा बोलतो. ‘थांब, थांब!’ ‘नको, नको.’ ‘चला, चला, गाडी सुटेल.’ इथे प्रत्येक शब्द म्हणजे एक पूर्ण वाक्यच आहे, म्हणून मध्ये स्वल्पविराम. ‘हळू, हळू! दूध उतू जातंय’ आणि ‘दूध हळूहळू तापतंय’ ही वाक्यं मोठ्याने वाचून पाहा. पहिल्यात दोन आघात आहेत आणि मध्ये श्वास आहे, दुसऱ्यात एकच आघात. संवाद लिहिणाऱ्यांनी ही वाचनाची चाचणी जरूर करावी. ‘छे छे’, ‘वा वा’ यांसारख्या उद्गारांत श्वास फार छोटा असतो, तिथे स्वल्पविराम नसला तरी चालतो.

ऱ्हस्व-दीर्घ: ‘हळुहळु’ नाही

आता तो महामंडळाचा नियम. हळूहळू, मुळूमुळू, खुटूखुटू यांसारख्या शब्दांत दुसरं आणि चौथं अक्षर दीर्घ लिहायचं. नादानुकारी शब्द मात्र उच्चाराप्रमाणे ऱ्हस्व: लुटुलुटु, दुडुदुडु, रुणुझुणु.

चूक होते ती बहुधा पहिल्या ‘ळू’ची. मराठीत शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ असतो, पण प्रत्यय लागून किंवा नवा शब्द घडून तो मध्ये आला की अनेकदा ऱ्हस्व होतो. ‘हळू’पासून घडलेला ‘हळुवार’ ऱ्हस्व आहेच. त्या सवयीने ‘हळुहळू’ लिहिलं जातं. पुनरुक्तीत मात्र दोन्ही भाग आपलं रूप जसंच्या तसं राखतात. ‘मधूनमधून’ लिहितानाही दोन्ही ‘धू’ दीर्घच ठेवावेत. जुन्या पुस्तकांत आणि कवितेत ‘हळुहळु’ सापडतं. कवितेत वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घ बदलण्याची मुभा असते, तेव्हा उद्धृत करताना ते दुरुस्त करू नये.

एक परिच्छेद दुरुस्त करू

गावातल्या एका माहितीपत्रकाचा हा कच्चा मजकूर आहे असं समजा:

> पावसाळ्यात आरोग्यसेविका घरो-घरी जाऊन पाण्याची भांडी तपासतात. जवळ जवळ प्रत्येक घरात कुठेतरी पाणी साठलेले असते. वर वर स्वच्छ दिसणाऱ्या पिंपातही अळ्या असतात. मोठ मोठ्या टाक्या, वेग-वेगळ्या कुंड्यांखालच्या ताटल्या तपासताना त्या बोलता-बोलता माहिती देतात. कोण कोणती भांडी रिकामी करायची ते दाखवतात. दर चार-चार दिवसांनी भांडी कोरडी करा, असे पुन्हापुन्हा सांगावे लागते. हळु हळु लोकांना सवय होते.

पहिल्या पायरीने सुरुवात. ‘घरो’, ‘मोठ’ आणि या अर्थाने ‘वेग’ हे तुकडे एकटे उभे राहत नाहीत. म्हणून घरोघरी, मोठमोठ्या, वेगवेगळ्या. ‘कोण कोणती भांडी’ यात ‘कोण’ म्हणजे माणूस नाही, भांड्यांची यादी हवी आहे, म्हणून कोणकोणती.

दुसरी पायरी. ‘जवळ जवळ’च्या जागी ‘बहुतेक’ बसतं, म्हणून जवळजवळ. ‘वर वर’च्या जागी ‘दिसायला’ बसतं, ‘आणखी वर’ बसत नाही, म्हणून वरवर. ‘बोलता-बोलता’ ही क्रियापदाची जोडी, चिन्ह काढून सुटी करायची.

‘दर चार-चार दिवसांनी’ यात वाटणी दोनदा झाली आहे: ‘दर’नेही आणि पुनरुक्तीनेही. दोघांपैकी एकच ठेवायचं. माहितीपत्रकात ‘दर चार दिवसांनी’ अधिक स्पष्ट. ‘पुन्हापुन्हा’ सीमेवरचा शब्द, आपल्या यादीप्रमाणे पुन्हा पुन्हा. शेवटी ‘हळु हळु’ला जोडायचं आणि दोन्ही ‘ळू’ दीर्घ करायचे.

> पावसाळ्यात आरोग्यसेविका घरोघरी जाऊन पाण्याची भांडी तपासतात. जवळजवळ प्रत्येक घरात कुठेतरी पाणी साठलेले असते. वरवर स्वच्छ दिसणाऱ्या पिंपातही अळ्या असतात. मोठमोठ्या टाक्या, वेगवेगळ्या कुंड्यांखालच्या ताटल्या तपासताना त्या बोलता बोलता माहिती देतात. कोणकोणती भांडी रिकामी करायची ते दाखवतात. दर चार दिवसांनी भांडी कोरडी करा, असे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. हळूहळू लोकांना सवय होते.

संगणकावर आणि फोनवर

तुटलेल्या शब्दांचं एक मोठं कारण फोनचा कीबोर्ड हे आहे. सूचनांच्या पट्टीतून शब्द निवडला की तो बहुधा आपोआप पुढे जागा सोडतो. ‘हळू’ निवडलं, पुन्हा ‘हळू’ निवडलं, की ‘हळू हळू’ तयार. बोलून टंकलेल्या मजकुरातही अशा जोड्या तुटलेल्या येऊ शकतात. असा मजकूर हाती आला की तुटलेल्या जोड्या शोधणं हे पहिलं काम समजावं.

वर्डमध्ये याच्या उलट धोका आहे. लागोपाठ दोनदा आलेल्या शब्दाखाली तो लाल रेघ मारू शकतो आणि दुसरा शब्द काढून टाकण्याचा पर्याय देतो. घाईत तो पर्याय स्वीकारला की ‘हसत हसत निरोप घेतला’चं ‘हसत निरोप घेतला’ होतं. वाक्य व्याकरणाने बरोबर असल्याने ही चूक नंतर सापडतही नाही. File > Options > Proofing इथली Flag repeated words ही खूण मराठी मजकुरासाठी काढून टाकावी.

चुकून दोनदा टंकलेले शब्द मग स्वतः शोधावे लागतात. लिबरऑफिस रायटरमध्ये Find and Replace उघडून Regular expressions चालू करावं आणि शोधायच्या चौकटीत हे घालावं:

```
(^|\s)(\S+)[ -]\2(?=[\s,.;!?]|$)
```

जागा किंवा संयोगचिन्ह मध्ये ठेवून लागोपाठ आलेली सारखी जोडी अवतरणचिन्हाला किंवा कंसाला चिकटलेली नसेल, तर यात सापडते: ‘हसत हसत’, ‘दोन-दोन’, ‘जवळ जवळ’, आणि चुकून पडलेलं ‘आणि आणि’सुद्धा. एकेक जोडी पाहून निर्णय घ्यावा. सगळ्या एकदम बदलू नयेत, कारण ‘जवळ जवळ बसा’ आणि ‘जवळ जवळ शंभर’ यांतला फरक यंत्राला कळत नाही. ‘घरो घरी’, ‘मोठ मोठे’ यांचे दोन भाग सारखे नसल्यामुळे ते या शोधात येत नाहीत. त्यासाठी ‘घरो ’, ‘गावो ’, ‘मोठ ’, ‘वेग ’ असे पुढे जागा ठेवून वेगळे शोध घ्यावेत.

‘तासन्‌तास’ आणि ‘पिढ्यान्‌पिढ्या’ टंकताना न् पुढच्या अक्षराला चिकटून ‘न्ता’, ‘न्पि’ अशी जोडाक्षरं होतात. ‘तासन्तास’ असं दिसलं तरी शब्द चुकत नाही. पाय मोडलेला न् वेगळा दिसायला हवा असेल, तर हलन्तानंतर U+200C हे अदृश्य चिन्ह घालावं. तिथे जागा सोडून ‘तासन् तास’ करू नये, आणि हलन्त गाळून ‘तासनतास’ही नको. मात्र U+200C असलेला शब्द साध्या शोधात सापडेलच असं नाही, म्हणून अख्ख्या मजकुरात दोन्हींपैकी एकच पद्धत ठेवावी.

सुटी जोडी ओळीच्या शेवटी तुटून ‘हसत’ एका ओळीत आणि ‘हसत’ दुसऱ्या ओळीत गेलं, तर वाचकाला ती टंकनाची चूक वाटते. अरुंद स्तंभात हे वारंवार होतं. वर्डमध्ये दोन शब्दांच्या मध्ये साध्या जागेऐवजी Ctrl+Shift+Space दाबलं की जोडी एकाच ओळीत राहते. हे काम मांडणी पक्की झाल्यावर, अगदी शेवटच्या वाचनात करावं.